सल्ला हवा: व्हॉल्यूम व्हेरिअन्स शून्य आला, आता कारणं काय लिहायची?

रेवा_अभ्यास

स्टँडर्ड कॉस्टिंगच्या एका गणितावर दोन दिवस अडकले आहे. आकडेमोड जमते, पण प्रश्नाच्या शेवटी ‘कारणे द्या’ असं असतं आणि तिथे माझं पेन थांबतं.

गणित असं. बजेटमध्ये ‘अ’ वस्तूचे 600 नग 50 रुपयांनी, स्टँडर्ड कॉस्ट 30. ‘ब’ वस्तूचे 400 नग 80 रुपयांनी, स्टँडर्ड कॉस्ट 70. प्रत्यक्षात ‘अ’चे 500 नग 52 रुपयांनी विकले गेले आणि ‘ब’चे 600 नग 75 रुपयांनी.

विक्रीच्या किमतीवरून मिक्स व्हेरिअन्स काढला तर 4,800 अनुकूल येतो. नफ्यावरून काढला तर 1,600 प्रतिकूल. आणि नफ्याच्या पद्धतीने व्हॉल्यूम व्हेरिअन्स चक्क शून्य! माझं काही चुकतंय का? यातली कुठली पद्धत धरून सराव करू?

याच संचात मटेरिअल यील्डचं एक गणित आहे, तेही तपासताना जुळत नाही. ते खाली वेगळं लिहीन.

टाचणवही

रेवा, प्राइस व्हेरिअन्स दोन्ही पद्धतींत एकच येतो, त्यामुळे तिथे घोळ नाही. ‘अ’वर 500 नगांना 2 रुपये जास्त मिळाले, म्हणजे 1,000 अनुकूल. ‘ब’वर 600 नगांना 5 रुपये कमी, म्हणजे 3,000 प्रतिकूल. एकूण 2,000 प्रतिकूल.

बाकी माझं मत असं, की प्रश्न सेल्स व्हेरिअन्सचा आहे तर विक्रीच्या किमतीचीच पद्धत वापर. आणि शून्य आलं म्हणजे कुठेतरी चुकलंच आहे. नग 1,000 वरून 1,100 झाले असताना व्हॉल्यूम व्हेरिअन्स शून्य कसा येईल? पुन्हा मांडून बघ.

जुनी_खतावणी

टाचणवही, प्राइसचं बरोबर आहे, शून्याचं नाही. रेवाचं उत्तर अचूक आहे आणि या गणितातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे.

‘अ’चे 100 नग कमी विकले गेले. त्याच्या प्रत्येक नगावर 20 रुपये नफा, म्हणजे 2,000 गेले. ‘ब’चे 200 नग जास्त गेले, नगामागे नफा 10, म्हणजे 2,000 आले. बेरीज शून्य. ‘ब’चे दोन नग जास्त विकावे तेव्हा कुठे ‘अ’चा एक गमावलेला नग भरून निघतो.

आता हे शून्य फोडून पाहू. बजेटचं प्रमाण 60:40. प्रत्यक्षातले 1,100 नग त्या प्रमाणात गेले असते तर ‘अ’ 660 आणि ‘ब’ 440. प्रत्यक्षात ‘अ’ 160 ने कमी आणि ‘ब’ 160 ने जास्त. नफ्याने मोजलं तर 3,200 गेले, 1,600 आले, म्हणून मिक्स 1,600 प्रतिकूल. एकूण नग वाढल्याचा क्वांटिटी व्हेरिअन्स: 60 गुणिले 20 अधिक 40 गुणिले 10, म्हणजे 1,600 अनुकूल. जास्त नग विकून जे कमावलं ते सगळं मिक्सने खाल्लं, असा त्या शून्याचा अर्थ.

किमतीच्या पद्धतीने मिक्स अनुकूल दिसतो, कारण ती पद्धत फक्त एवढंच विचारते की महागडी वस्तू जास्त गेली का. ‘ब’ महाग आहे, म्हणून हो. पण इथे महाग वस्तू कमी नफ्याची आहे. जिथे महागडी वस्तूच जास्त नफ्याची असते तिथे दोन्ही पद्धतींत चिन्ह सारखं येतं आणि हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

ताळा असा करा. बजेटची विक्री 62,000, प्रत्यक्षातली 71,000. विक्री 9,000 ने वाढली. बजेटचा नफा 16,000 आणि स्टँडर्ड कॉस्ट धरून प्रत्यक्षातला 14,000. नफा 2,000 ने घटला. दोन्ही खरं आहे. प्रश्नात स्टँडर्ड कॉस्ट दिली असेल तर नफ्याची पद्धत घ्या, कारण कारणं तिथूनच सापडतात. कॉस्ट दिलीच नसेल तर किमतीच्या पद्धतीशिवाय इलाज नाही. पद्धत कुठली घेतली ते मात्र उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा.

टाचणवही

मान्य. नगांच्या वाढीकडे बघून मी घाईने बोललो.

रेवा_अभ्यास

खूप आभार, दादा. पण कारणांचं काय? मी लिहिलं होतं: “प्राइस प्रतिकूल, कारण स्पर्धा वाढली. मिक्स प्रतिकूल, कारण ग्राहकांची आवड बदलली.” सरांनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

जुनी_खतावणी

ते प्रश्नचिन्ह योग्यच आहे. तुम्ही प्रत्येक व्हेरिअन्सला वेगळं कारण चिकटवलंत. स्पर्धा आणि आवड याबद्दल गणितात एक अक्षरही नाही. दिलेल्या आकड्यांतून जे दिसतं तेच आधी लिहा. त्यासाठी व्हेरिअन्सप्रमाणे वाचायचं सोडून वस्तूप्रमाणे वाचा.

‘ब’ची किंमत 5 रुपयांनी उतरली आणि नग 200 ने वाढले. वाढीव नगांनी स्टँडर्ड नफ्याने 2,000 आणले, पण सूट सगळ्या 600 नगांवर बसली आणि 3,000 गेले. निव्वळ 1,000 तोटा. ‘अ’ची किंमत 2 रुपयांनी चढली, त्यातून 1,000 आले, पण 100 नग कमी झाले त्यात 2,000 गेले. पुन्हा निव्वळ 1,000 तोटा. दोन्ही मिळून तेच 2,000.

म्हणजे प्राइस आणि मिक्स हे इथे दोन वेगळे अपघात नाहीत. किमती बदलण्याचा निर्णय प्राइसमध्ये एकदा दिसतो आणि मिक्समध्ये दुसऱ्यांदा. त्यापुढे एक ओळ जोडा: सूट दिल्यावर ‘ब’चा नफा नगामागे 5 रुपये उरला, तेव्हा बजेटचे 4,000 टिकवायला 800 नग विकायला हवे होते, गेले 600. या ओळीला आकड्याचा आधार आहे, आवडीच्या ओळीला नव्हता.

एक मर्यादाही लिहा. किंमत चढली म्हणूनच ‘अ’चे नग घटले, हे आकडे सिद्ध करत नाहीत. माल कमी बनला असेल तरी हाच आकडा येईल. म्हणून “किंमतवाढीमुळे असण्याची शक्यता, उत्पादन पुरेसं होतं का हे तपासावं” असं लिहा.

मिश्रण_विभाग

मी रंग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन बघतो. विक्रीचं मला फारसं कळत नाही, पण यील्ड वाचून आलो. आमच्याकडे एका महिन्यात यील्ड अचानक प्रतिकूल आला आणि आमच्या पाळीवर ठपका ठेवला. कच्चा माल बदलला नव्हता, यंत्रही नीट होतं. शेवटी सापडलं असं, की महिनाअखेरीला एक घाणा टाकीतच होता. त्याचा माल खर्ची पडला होता, पण तयार माल पुढच्या महिन्यात मोजला गेला. पुढच्या महिन्यात यील्ड तेवढाच अनुकूल आला. तो खुलासा आमच्यापर्यंत कुणी लेखी पोचवला नाही, याचं अजून वाईट वाटतं. रेवाताई, तुमच्या गणितात शिल्लक अर्धवट माल दिलाय का ते आधी बघा.

रेवा_अभ्यास

नाही, शिल्लक काही नाही. गणित असं आहे. 100 किलो मिश्रणात ‘प’ 60 किलो 10 रुपयांनी आणि ‘फ’ 40 किलो 12 रुपयांनी, घट 10 टक्के. प्रत्यक्षात ‘प’ 680, ‘फ’ 320, तयार माल 880 किलो. दर बदलले नाहीत.

मला मिक्स 160 अनुकूल आला. यील्डमध्ये 1,000 किलोतून 900 यायला हवे होते, आले 880, कमी 20 किलो. मिश्रणाचा दर 10.80, म्हणून यील्ड 216 प्रतिकूल. पण यूसेज व्हेरिअन्स 80 प्रतिकूल येतो आणि 160 व 216 यांचा मेळ 56 वर थांबतो.

जुनी_खतावणी

20 किलो हा तयार माल आहे, त्याला कच्च्या मालाचा दर लावलात. 1,080 रुपयांच्या मालातून 90 किलो निघतो, म्हणजे तयार किलोला 12 रुपये. 20 गुणिले 12, यील्ड 240 प्रतिकूल. 160 अनुकूल आणि 240 प्रतिकूल, बरोबर 80. कच्च्या मालाच्या बाजूने जायचं असेल तर 880 किलोला 977.78 किलो माल पुरायला हवा होता, लागला 1,000. जास्तीचे 22.22 गुणिले 10.80, पुन्हा 240. दर आणि किलो एकाच टोकाचे हवेत.

कारण इथेही जोडून वाचा. महाग ‘फ’ 80 किलो कमी आणि स्वस्त ‘प’ तेवढाच जास्त घातला, त्यात 160 वाचले. त्याच वेळी घट 10 वरून 12 टक्क्यांवर गेली आणि 240 गेले. बचत खरेदीच्या खात्यात आणि तोटा उत्पादनाच्या खात्यात दाखवला, तर मिश्रण_विभाग यांच्यासारख्यांवर अन्याय होतो. अर्थात घट ‘प’मुळेच वाढली की वजनकाट्यामुळे, हे गणित सांगत नाही.

मिश्रण_विभाग

हे आमच्या लेखा विभागातल्या कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शाईदौत

थोडं मागे जाते. मिक्समध्ये वस्तूनिहाय आकडे लिहिताना जुनी_खतावणी यांच्या रीतीने ‘ब’ला 1,600 अनुकूल येतात. मी सरासरी नफ्याची तुलना धरते. बजेटचा सरासरी नफा नगामागे 16. ‘अ’चा त्याहून 4 जास्त आणि तो 160 ने कमी गेला, म्हणजे 640 प्रतिकूल. ‘ब’चा 6 कमी आणि तो 160 ने जास्त गेला, म्हणजे 960 प्रतिकूल. बेरीज तीच 1,600. पण कमी नफ्याची वस्तू जास्त विकली गेली तर तिच्यापुढे ‘अनुकूल’ लिहिणं मला पटत नाही.

जुनी_खतावणी

कारण सांगायला तुमची रीत सरस आहे, ताई, हे मान्य. तरी मी पहिलीच शिकवतो, कारण तिच्यात वस्तूचा मिक्स आणि क्वांटिटी मिळवले की व्हॉल्यूमचा आकडा समजायला सोपा मिळतो. ‘ब’चे 1,600 आणि 400 मिळून 2,000, आणि ते 200 नगांचा नफा म्हणून लगेच ओळखू येतात.

शाईदौत

माझ्या रीतीत क्वांटिटीही सरासरीने घ्यावी लागते: ‘ब’चे वाढीव 40 नग गुणिले 16, म्हणजे 640. त्यातून 960 वजा केले की ‘ब’पुढे 320 प्रतिकूल उरतात, आणि विद्यार्थी विचारतात की जास्त विकलं तर प्रतिकूल कसं. तिथे मलाही बराच वेळ द्यावा लागतो, हे खरं.

रेवा_अभ्यास

मग असं करते. तक्त्यात पहिली रीत, आणि कारणांच्या परिच्छेदात शाईदौत ताईंचा सरासरी 16 चा मुद्दा. एकाच उत्तरात दोन्ही आले तर तपासणारे गोंधळतील का?

शाईदौत

तक्ता एकाच रीतीचा ठेवा. 16 चा मुद्दा फक्त वाक्यात येऊ द्या, त्याचे वेगळे आकडे मांडू नका.

टाचणवही

मी दोन्ही मांडले असते. पण आज एकदा चुकलोय, तेव्हा तुमच्या सरांना दाखवून मगच ठरवा.