मदत हवी आहे: चेक बाउन्सची नोटीस जुन्या पत्त्यावरून परत आली

मी फर्निचरची कामं घेतो. एका गिऱ्हाइकाचा १,८०,००० रुपयांचा चेक परत आला. बँकेचा मेमो ३ तारखेला हातात पडला, म्हणजे नोटीस पाठवायला ३० दिवस. वकिलांनी ती लगेच कोटेशनवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं धाडली. काल पाकीट तसंच परत आलं, वर पोस्टमनचा निळ्या पेनातला शेरा: 'लेफ्ट'. हातात अजून १४ दिवस आहेत.

पत्ता बरोबर असला आणि समोरच्यानं घ्यायचं टाळलं, तर नोटीस पोचली असं कोर्ट धरतं, एवढं माहीत आहे. पण इथे माणूस खरंच घर सोडून गेलाय, आणि तो उद्या "मी तिथे राहतच नव्हतो" म्हणणार, हे मला आत्ताच दिसतंय.

नव्या पत्त्याचे दोन धागे आहेत. जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकला तर धंद्याची जागा वेगळी दिसते. त्या पानाची तारखेसकट प्रिंट काढली. शिवाय मे महिन्यात त्यानंच व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "कपाट नव्या घरी पाठवा", खाली पूर्ण पत्ता. (कपाट पोचलं, पैसे नाहीत!) डिलिव्हरी चलनावर त्याच्या बायकोची सही आहे.

आता तिन्ही पत्त्यांवर एकाच मजकुराची नोटीस पुन्हा पाठवावी का? जुनं पाकीट न फोडता ठेवलंय. व्हॉट्सॲपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं म्हणे, ते आत्ताच करून ठेवावं की तक्रार दाखल करताना? अशी केस लढवलेल्यांनी सांगा.