पाच जणांच्या नोंदी आणि एक अहवाल : तुमचे घोळ सांगा

रानजाई : काल लेकीच्या ग्रुप प्रोजेक्टचं चौघींचं लिखाण एकत्र करायचं चाललं होतं, ती म्हणाली मम्मा हिने सगळं 'करणार आहोत' असं लिहिलंय, मी सरळ 'केले' करून टाकू का? मी एवढ्या जोरात नाही म्हटलं की भाजी ढवळणाऱ्या सासूबाई दचकल्या.

लग्नाआधी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. पाच कार्यकर्ते, महिन्याचा अहवाल जोडायचं काम माझ्याकडे. एकाचा व्हॉट्सॅप मेसेज, एकीच्या वहीचा फोटो, बाकीच्यांच्या वर्ड फायली. कुणी 'बैठक घेतली' लिहायचं, कुणी 'बैठक घेण्यात आली', कुणी नुसतंच 'बैठक - शाळेत'. एका रात्री मी झोपेत सगळं 'करण्यात आले' करून टाकलं, दिसायला एकदम सुबक. त्यात 'गावठाणामागे 400 मीटर सलग समतल चर खोदायचे आहेत' याचंही 'खोदण्यात आले' झालं. पुढच्या महिन्यात देणगीदार बघायला आले, डोंगरावर नुसत्या फक्कीच्या रेघा! साहेब माझ्याकडे बघतायत, मी रेघांकडे.

तेव्हापासून काळ वाक्याला नाही, मथळ्याला बांधला. 'झालेलं काम' खाली फक्त भूतकाळ, 'पुढच्या महिन्यात' खाली फक्त भविष्य आणि वाक्य कुठल्या मथळ्याखाली जातं ते ज्याने लिहिलं त्याला फोन करून विचारायचं. भाषा त्याच्यानंतर.

टपरीवाला चहा : 😂😂 फक्कीच्या रेघा. आमच्याकडे रस्त्याचं असंच असतं

कोपरगावकर : एवढं काय त्यात, फाइंड रिप्लेस मारायचं ना. 'आहे' च्या जागी 'होते', दोन मिनिटांत काम.

रानजाई : @कोपरगावकर मारलं होतं. 'आहेत' चं 'होतेत' झालं. आणि 'विहीर खोल आहे' चं 'विहीर खोल होते'. मराठीत क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे फिरतं हो, हातानेच करावं लागतं. शिवाय विहीर अजून खोलच आहे, ती कशाला भूतकाळात ढकलायची?

कोपरगावकर : होतेत 🙈 बरं मान्य. पण फॉरमॅटिंगला सोपंय, शेवटी सगळं सिलेक्ट करून Clear All Formatting, सगळे एका माळेचे मणी.

शाईचा डाग : शेवटी नाही हो!! आधी. शेवटी मारलंत तर तुमचे मथळेसुद्धा साधा मजकूर होतात, बुलेट जातात, परत श्रीगणेशा. मी पंधरा वर्षं डीटीपी केलं, माझा क्रम असा की प्रत्येकाचा मजकूर Keep Text Only ने चिकटवायचा, मग मथळ्यांना Heading 1, Heading 2 द्यायचं. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं तर डोळ्याला मथळा दिसतो पण वर्डला तो मथळा वाटत नाही, अनुक्रमणिकेत येतच नाही. एखादा मथळा अनुक्रमणिकेतून गायब दिसला की समजायचं कुणीतरी हाताने ठळक केलाय. बुलेटचंही तेच, व्हॉट्सॅपवरून आलेली आडवी रेघ म्हणजे बुलेट नाही, ते नुसतं चिन्ह आहे, दुसरी ओळ त्याच्या खाली घुसते. रेघ पुसून खरी बुलेट लावायची.

आणि कुणी कृतिदेवमध्ये टाईप केलेलं असेल तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. फॉन्ट उडाला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते.

सई_माहेरी : आमच्या घरी पाच मावशांच्या दिवाळी फराळाच्या कृती मी एका वहीत आणतेय, तिथे कुणाचा चमचा पोह्यांचा कुणाचा आमटीचा, चकलीची भाजणी दोघींची जुळत नाही. हे चालेल का इथे?

टपरीवाला चहा : चालेल, चकली पाठवा

बिनपगारी सचिव : आमच्या सोसायटीत एकाच पाण्याच्या टाकीची गळती 'दुरुस्ती', 'पाणी' आणि 'तक्रारी' अशा तीन मथळ्यांखाली आली, तीन सभासदांनी लिहिलेली. मी नीट बुलेट लावून छापलं. सभेत एक काका उठले, टाकी तीनदा गळली म्हणता मग तिन्ही बिलं दाखवा.

रानजाई : @बिनपगारी सचिव हे फार होतं. आमच्याकडे एकाच ग्रामसभेला एकाने 22 लोक लिहिले, दुसरीने 31. तारीख आणि जागा जुळवून बघितल्यावर कळलं सभा एकच. मग आकडा कुठला घ्यायचा? साहेब म्हणाले मोठा. मी दोन्ही ठेवले, कंसात कुणी मोजले ते लिहून. साहेब आठवडाभर बोलले नाहीत.

कोपरगावकर : दोन आकडे छापलेले बरे दिसत नाहीत पण अहवालात.

शाईचा डाग : हजेरीपट असेल तर त्यावरच्या सह्या मोजायच्या, विषय संपला.

रानजाई : सह्या 19 होत्या 😐

सई_माहेरी : आमटीचा चमचा म्हणजे साधारण किती पोह्यांचे चमचे, कुणी सांगेल का? मोठी मावशी फोन उचलत नाहीये