अनुभव धागा: दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग फॉर्मात काय लिहिलंत?

माझ्या मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेत नाव आहे 'जाधव स्नेहा प्रकाश', आधारवर 'स्नेहा प्रकाश जाधव'. पासपोर्टचा फॉर्म आम्ही ठाण्यात एका दुकानातून भरून घेतला. त्या मुलाने गुणपत्रिका समोर ठेवून 'गिव्हन नेम'मध्ये 'जाधव स्नेहा' टाकलं आणि 'सरनेम'मध्ये 'प्रकाश'. मी सही करताना नुसते तीन शब्द पाहिले, रकाने पाहिलेच नाहीत. पासपोर्ट हातात आला तेव्हा माझ्या मुलीचं आडनाव प्रकाश झालं होतं. तुमचे अनुभव लिहा, अगदी बारीकसारीकसुद्धा.

घोडबंदर रोड: एवढं घाबरू नका ताई. तिन्ही शब्द तेच आहेत ना? क्रम इकडचा तिकडे झाला तर कुणी अडवत नाही. माझं पॅन आणि गुणपत्रिका उलटसुलट आहेत, बँकेने काही म्हटलं नाही.

वाशी, फॉर्म भरण्याचं काम करते: दादा, बँकेपुरतं तुमचं बरोबर आहे, तिथे बहुतेक वेळा पूर्ण नाव एका ओळीत असतं. पासपोर्टमध्ये दोनच रकाने असतात, म्हणून कुठला शब्द कुठल्या रकान्यात गेला याला महत्त्व. वडिलांचं नाव मुलीच्या नावाला जोडून 'स्नेहा प्रकाश', आडनावात फक्त 'जाधव'. गुणपत्रिकेवरचा क्रम तिथे उतरवायचा नसतो. ताई, फोटोच्या पानावर सगळ्यात खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. पहिली अशी सुरू व्हायला हवी:

```
P<INDJADHAV<<SNEHA<PRAKASH
```

IND नंतर आडनाव, मग दोन खुणा, मग नाव. तुमच्याकडे तिथे PRAKASH आधी दिसेल. विमानाचं तिकीट आणि व्हिसा याच ओळीप्रमाणे जुळवतात. 'री-इश्यू' घ्या आणि कारणात वैयक्तिक माहितीतला बदल निवडा. छापील अर्जावर सही करण्याआधी प्रत्येक रकाना बोटाने दाखवून वाचून घ्या. मी गिऱ्हाइकाला तसंच करायला लावते.

ऐरोली: माझा प्रश्न जरा वेगळा. नातीचा जन्म जून २०२४ चा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. मग पासपोर्टात आईचं नावही 'गिव्हन नेम'मध्येच जाणार ना?

वाशी: काकू, जन्मदाखल्यावर जसं छापलंय ते बघा. आडनाव सोडून उरलेले तिन्ही शब्द एकाच रकान्यात, असं मी भरेन. पण अशा बाळाचा पासपोर्टचा अर्ज अजून माझ्याकडे आलेला नाही.

कळवा: आमच्याकडे आडनावच नाही, वडिलांचं नाव शेवटी लावतो. मुलाने आडनावाचा रकाना रिकामा सोडला आणि दुबईच्या व्हिसाला अडकला. नोव्हेंबर २०२२ पासून तिकडे एकाच शब्दाचं नाव पर्यटक व्हिसाला चालत नाही. वडिलांचं नाव पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर होतं, त्यावर पुढे काम झालं.

धागाकर्ती: आत्ताच ओळ पाहिली. PRAKASH<<JADHAV<SNEHA. री-इश्यूला आधार आणि गुणपत्रिका दोन्ही नेते आहे. गुणपत्रिकेवरचा उलटा क्रम बघून कुणी नाव बदलल्याचं राजपत्र मागितलं का, तेवढं कुणाला आठवत असेल तर लिहा.