‘शिफ्ट संपताना एंट्री मारली तर बिघडलं काय?’

बीएस्सी_तिसरं_वर्ष:
इन्फॉर्मॅटिक्सच्या पेपरसाठी निबंध लिहितोय. माझा मुद्दा असा: नर्सने काळजी घेतली का हे महत्त्वाचं, एंट्री किती वाजता मारली हे नाही. शिफ्टच्या शेवटी सगळ्या एंट्री एकदम केल्या तरी चालतं. वॉर्डात सगळ्यांना एकच लॉगिन असलं तर उलट वेळ वाचतो. आणि रेकॉर्डची प्रायव्हसी हा मोठ्या शहरांतला बाऊ आहे, आमच्याकडे सगळ्यांना सगळं माहीतच असतं. वर्गात सगळ्यांना पटलं. इथे काय म्हणता?

जुनी_इनचार्ज:
वर्गाला पटलं असेल, मला वाचून तिडीक आली. मेडिसिन वॉर्डात अठरा वर्षं काढलीत, एक सकाळ सांगते.

नाईटच्या सिस्टरने सव्वासातला बेड ११ च्या आजोबांची एचजीटी, म्हणजे बोट टोचून रक्तातली साखर, केली. २८६ आली. स्लाइडिंग स्केलप्रमाणे ८ युनिट रेग्युलर इन्सुलिन दिलं. काउंटरवरच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर रेसिडेंट डिस्चार्ज टाइप करत बसला होता, म्हणून तिने आकडा तळहातावर पेनने लिहून ठेवला. साडेसातला शिफ्ट बदलाची ओव्हर सुरू झाली आणि तेवढ्यात बेड ४ ला झटके आले. सगळ्या तिकडे धावल्या. ११ चं सांगायचं राहून गेलं, आणि त्या धावपळीत हात धुतला तसा आकडाही गेला.

मॉर्निंगच्या मुलीला स्क्रीनवर सकाळचं इन्सुलिन लाल दिसलं, म्हणजे द्यायचं बाकी. तिने नियमाप्रमाणे पुन्हा एचजीटी केली, २७४ आली. पहिला डोस जेमतेम पाऊण तासापूर्वीचा, त्याचा असर अजून दिसायचा होता. तिला शंका यावी असं काहीच नव्हतं. ८:०५ ला आणखी ८ युनिट. सव्वादहाला आजोबा घामाने भिजलेले, भलतंच बडबडतायत, एचजीटी ४४. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून दिलं, पंधरा मिनिटांत शुद्धीवर आले. पण दोन्ही डोसचा अंमल अजून बाकी होता. म्हणून ड्रिप चालू ठेवून दुपारपर्यंत तासातासाला बोट टोचत बसलो.

काळजी दोघींनीही घेतली होती बरं का. अगदी मनापासून.

खरा घोटाळा त्यानंतरचा. घाबरून कुणीतरी नाईटच्या सिस्टरला फोन लावला आणि तिचा डोस ‘भरून’ टाकला. स्क्रीनवर सगळं नीटनेटकं: ७:१५, ८ युनिट, दिले. आता वाचणाऱ्याला काय दिसणार? नोंद आधीच होती आणि मॉर्निंगच्या मुलीने न बघताच दुसरा डोस ठोकला! मेमो तिलाच मिळाला. आठवड्याने आयटीवाल्यांनी ऑडिट लॉग काढला, तेव्हा हे सापडलं:

```
event_time  07:15
entry_time  10:52
user        mw_incharge
```

`mw_incharge` म्हणजे मी. मी त्या दिवशी रजेवर होते, भाचीच्या हळदीला. पोरगी सुटली आणि खुलासा मी लिहीत बसले.

३४_पेशंट_२_सिस्टर:
गोष्ट छान. पण इनचार्जबाई, तुमचा पासवर्ड त्यांच्याकडे आला कुठून?

आमच्याकडे नाईटला ३४ पेशंट आणि दोघीजणी. पाच मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन लॉक. ग्लव्ह काढा, पासवर्ड टाका, तोवर कुणाची तरी सलाईन संपलेली असते. आधी माणसं द्या, मग एंट्रीच्या वेळेवर प्रवचन द्या. आणि घडलेली वेळ हाताने बदलताच येते कशी? तीच सोय बंद करून टाका, खोटेपणाच संपेल.

सर्व्हर_रूम:
शेवटचं वाक्य सोडून बाकी मान्य. मी दोन हॉस्पिटलांत ही सिस्टिम सांभाळली आहे.

घडलेली वेळ बदलण्याची सोय काढलीत तर काय होईल? कार्डिॲक अरेस्टमध्ये ॲड्रेनॅलिन देताना कुणी टायपिंग करत नाही. सगळं अर्ध्या तासाने भरलं जातं. वेळ लॉक असेल तर पाचही डोस एकाच मिनिटाला दिल्यासारखे दिसतील, म्हणजे आणखी मोठं खोटं. घडलेली वेळ माणसाने सांगायची. लिहिलेली वेळ मात्र सर्व्हरच्या घड्याळाने घ्यायची आणि तिला कुणालाही हात लावता कामा नये. दोन्हींत अंतर पडलं तर तो गुन्हा नाही. अंतर लपवलं की संशय येतो. उशीर झाला तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहायचं, कारण लिहायचं, ते स्वतःच्या लॉगिनवरून, आणि आधीचं काही चुकलं असेल तर पुसायचं नाही. ते मागे दिसत राहिलं पाहिजे.

शिफ्टच्या शेवटी मारलेल्या एंट्री ओळखायला फार अक्कल लागत नाही. एकदा मी पाहिलं, १३:४० ते १३:५२ या बारा मिनिटांत अख्ख्या वॉर्डच्या ६, ८, १० आणि १२ वाजताच्या नोंदी. म्हणजे ३४ पेशंट, १३६ नोंदी. श्वसनाचा दर झाडून सगळ्यांचा २०. त्यातला एक पेशंट दहापासून ओटीत होता, तरी वॉर्डात त्याचं बीपी १२०/८०. कुटुंबात एखादा वकील असता तर संपलंच.

डॉ_खवचट:
१२०/८० हे बीपी नसून आमच्या वॉर्डाचं राष्ट्रगीत आहे.

३४_पेशंट_२_सिस्टर:
डॉक्टरसाहेब, तुमच्या नोट्समध्ये चौथ्या दिवशीही पहिल्या दिवशीचं ‘रुग्ण बेशुद्ध’ कॉपी-पेस्ट असतं, आणि पेशंट बसून पोहे खात असतो. त्यावरही राष्ट्रगीत होऊन जाऊ दे.

डॉ_खवचट:
बरं. हा बसला.

तालुक्याची_लेक:
मी नर्स नाही. पण मूळ पोस्टमधलं ‘आमच्याकडे सगळ्यांना सगळं माहीतच असतं’ वाचून राहवलं नाही. माझ्याबद्दल कुणालाही माहीत नव्हतं. दहा आठवड्यांचा गर्भपात झाला, आपोआप. आम्ही दोघं सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याची चुलतबहीण त्याच हॉस्पिटलात बिलिंगला. तिने सहज म्हणून नाव टाकून पाहिलं. मी घरी पोहोचायच्या आत सासूबाईंना फोन, आणि रविवारपर्यंत भावकीत ‘हिचं काही राहत नाही’. दोन वर्षं हळदीकुंकवाला गेले नाही मी. बाऊ म्हणे.

आभा_नको_रे_बाबा:
म्हणूनच ते १४ आकडी आभा कार्ड काढू नका म्हणतो! एकदा नंबर दिला की सगळं सरकारच्या कॉम्प्युटरवर. वडिलांच्या मेडिक्लेमच्या वेळी आमचे असे हाल झाले की विचारू नका. हॉस्पिटल फाईलच देईना, पाच चकरा मारल्या.

सर्व्हर_रूम:
काका, तिच्या नणंदेला आभा लागलंच नाही, ती काउंटरवर बसली होती. आभा हा नुसता नंबर आहे. रेकॉर्ड जिथे तयार झालं तिथेच राहतं आणि संमती दिल्यावर दुसरीकडे जातं. आभा काढायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण गळती इथे झाली नाही. फाईलचं म्हणाल तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, मागणी केल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. लेखी अर्ज करून पोच घ्यायची होती.

प्रश्न असा की बिलिंगच्या बाईला निदान दिसावंच का? तिला प्रोसिजर कोड आणि रक्कम पुरे.

३४_पेशंट_२_सिस्टर:
आणि दिसलं तरी शिक्षा बाईलाच. नेदरलँड्समध्ये नाही का झालं, एका प्रसिद्ध बाईची फाईल उघडून पाहिली म्हणून नर्सेसना ४ लाख ६० हजार युरो दंड. सगळीकडे नर्सच मरते.

लीड्सची_सिस्टर:
अगं, दंड नर्सेसना नाही, हॉस्पिटलला झाला. हेगचं हागा हॉस्पिटल, २०१९. डझनावारी कर्मचाऱ्यांनी फाईल उघडली होती हे खरं. पण नियामकाने बोट ठेवलं ते यावर की हॉस्पिटल लॉग नियमित तपासतच नव्हतं आणि लॉगिनला दुहेरी ओळखही नव्हती. पुढे कोर्टाने रक्कम साडेतीन लाखांवर आणली.

इकडे आम्हाला स्मार्टकार्ड असतं. फार पवित्र समजू नका, घाईत दुसरीचं कार्ड खोचलेलं असताना काम करणाऱ्या मी पाहिल्यात. फरक एवढाच की स्वतःच्या आईचा रिपोर्टसुद्धा कामाशिवाय उघडला तर बोलावणं येतं.

आभा_नको_रे_बाबा:
स्वतःच्या आईचा?! हे अतीच झालं. आईचं मुलीने नाही बघायचं तर कुणी?

तालुक्याची_लेक:
आईला विचारून बघा की. माझ्या नणंदेनेही ‘घरचीच तर आहे’ असंच सांगितलं होतं.

आभा_नको_रे_बाबा:
तुमचं वेगळं, माझं वेगळं. आई आजारी असताना परवानगी घेत बसू?

लीड्सची_सिस्टर:
हो काका. आई वॉर्डात चार पावलांवर असते. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

जुनी_इनचार्ज:
पासवर्डचं उत्तर राहिलं. टाळत होते, खरं सांगते. चार नवीन मुली जॉइन झाल्या, तीन आठवडे त्यांचे आयडी आले नाहीत. काम थांबू नये म्हणून मीच चिठ्ठीवर पासवर्ड लिहून कीबोर्डखाली चिकटवला. आयडी आल्यावर चिठ्ठी काढायची राहिली. खुलाशात हे लिहिलं नव्हतं.

सर्व्हर_रूम:
तीन आठवडे! अर्ज एचआरकडून आमच्याकडे येतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

३४_पेशंट_२_सिस्टर:
आलं. एचआर, आयटी, मेट्रन, सगळे निर्दोष. बोट टोचून घेणारे आजोबाच दोषी.

बीएस्सी_तिसरं_वर्ष:
बाऊवालं वाक्य काढलं. तालुक्याची_लेक ताई, माफ करा. एंट्रीचा परिच्छेदही बदलतोय, १३६ चा हिशेब घेऊ का?

पण एक सांगा. आम्हा स्टुडंटना लॉगिनच देत नाहीत. परवा सिस्टरच्या देखरेखीखाली इंजेक्शन मी दिलं, एंट्री सिस्टरच्या नावावर पडली. मग खोटं कोण बोललं?

सर्व्हर_रूम:
स्टुडंटचा वेगळा रोल हवा. एंट्री तुझ्या नावाने पडेल आणि सिस्टरने तिच्या लॉगिनने मान्य केल्यावरच पक्की होईल. बऱ्याच सिस्टिममध्ये ही सोय असते, कुणी चालू करत नाही.

जुनी_इनचार्ज:
तोवर नोटमध्ये ‘विद्यार्थ्याने माझ्यासमोर दिले’ एवढं तरी सिस्टरला लिहायला सांग.

३४_पेशंट_२_सिस्टर:
३४ पेशंटमागे मान्य करायच्या एंट्रीही आता माझ्याच डोक्यावर? स्टुडंटला म्हणावं लॉकरचे पाय मोजत बस.

बीएस्सी_तिसरं_वर्ष:
तेच करतोय सध्या.

लीड्सची_सिस्टर:
कुणाच्या लॉगिनने?