आरक्षण खिडकी की ऑनलाइन? आपापले अनुभव लिहा

रेल्वेचे आरक्षण खिडकीवर काढणे कधी सोयीचे ठरले आणि कधी उगाच फेरी पडली, हे प्रत्येकाने स्वतःच्या प्रवासावरून लिहावे.

मिरजकर: गणपतीसाठी साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडते, तेव्हा मी खिडकीसमोर पहिल्या दोघांत असेन तरच जातो, तिसऱ्या-चौथ्या माणसाचा अर्ज कारकुनाच्या हाती पडेपर्यंत ऑनलाइन गर्दीने जागा संपवलेल्या असतात. अर्ज घरूनच भरून न्यावा आणि गाडी क्रमांकाखाली दुसऱ्या गाडीचा पर्यायही लिहून ठेवावा, कारण खिडकीवर विचार करायला वेळ मिळत नाही. एका अर्जावर सहा नावे चालतात, तत्काळला मात्र चारच.

पावसाळी पाखरू: माझ्या मते प्रतीक्षा यादी दिसत असेल तर खिडकीचेच तिकीट घ्यावे. ऑनलाइन तिकीट तक्ता तयार झाल्यावर आपोआप रद्द होते, खिडकीचे होत नाही, म्हणून त्यावर स्लीपरमध्ये बसता येते.

निवृत्त बुकिंग कारकून: पाखरू यांचे पहिले वाक्य बरोबर, पण शेवट चुकला आहे. प्रतीक्षा यादीतील खिडकीच्या तिकिटावर फक्त सर्वसाधारण डब्यात जाता येते. स्लीपरमध्ये बसल्यास तपासनीस दंड करून उतरवू शकतो. शिवाय ऑनलाइन तिकिटाचे पैसे खात्यात परत येतात, तर खिडकीचे तिकीट गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत स्वतः रद्द करावे लागते. यासाठी अर्जावरचा मोबाइल क्रमांक नीट लिहावा. लोक घाईत तो रिकामा सोडतात किंवा दुकानदाराचा टाकतात आणि मग संकेतस्थळावरून रद्द करताना ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. क्रमांक बरोबर असेल तर घरबसल्या रद्द होते, रक्कम मात्र खिडकीवरूनच घ्यावी लागते.

परळची ये-जा: वडिलांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आम्ही वारंवार मुंबईला जातो. रुग्ण आणि सोबतीची सवलत आम्ही रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र दाखवून खिडकीवरच घेतो, त्यामुळे रांग टाळण्याचा प्रश्नच येत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचलो तर काम लवकर होते.

डोंबिवली: लोकलच्या मासिक पासाला कुठली रांग उत्तम?

मिरजकर: तो निराळा विषय आहे, पण तत्काळबद्दल विचारायचे होते. अकराला स्लीपर उघडल्यावर पहिल्या मिनिटात खिडकीवाला जिंकतो की मोबाइलवाला?

निवृत्त बुकिंग कारकून: छोट्या स्थानकावर पहिला माणूस नक्की जिंकू शकतो. मोठ्या जंक्शनवर ते कारकुनाच्या टंकनवेगावर अवलंबून असते, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही.