भिशीत शेवटचा नंबर खरंच फायद्याचा असतो का?

मूळ पोस्ट: "भिशी शेवटी उचलावी, एकरकमी पैसे हातात येतात. पहिली उचलणारे वर्षभर हप्ते फेडत बसतात."

हिशेबनीस: हे वाचून राहवलं नाही. आमची बारा जणींची चिठ्ठीची भिशी, महिना ५,०००. पहिल्या नंबरवालीने ६०,००० नेले, त्यात तिचे स्वतःचे ५,०००. म्हणजे ५५,००० बिनव्याजी, अकरा महिन्यांत फेडायचे. तेवढंच कर्ज चौदा टक्क्यांनी काढलं असतं तर साधारण ३,८०० व्याज गेलं असतं. शेवटची बाई अकरा महिने भरते आणि भरलं तेवढंच परत नेते. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत तिला १,८००च्या आसपास मिळाले असते. महागाई पाच टक्के धरली तर वर्षअखेर तिच्या पैशांची किंमत १,४००ने उतरलेली असते. सहावा-सातवा नंबर जवळपास बरोबरीत सुटतो.

पेठेतला व्यापारी: तद्दन चूक. आमच्याकडे शेवटचाच कमावतो. पहिल्या महिन्याला गरजू माणूस ९,००० सोडून ५१,००० उचलतो, ते ९,००० बारा जणांत ७५० प्रमाणे वाटतात. शेवटच्याला पुरते साठ हजार, वर वर्षभराचं वाटप वेगळं.

हिशेबनीस: ती बोलीची भिशी, दादा. तिथे लवकर उचलण्याची किंमत मोजावी लागते, म्हणून शेवटच्याला व्याज सुटतं. पोस्ट चिठ्ठीच्या भिशीबद्दल आहे.

वहिनी: व्याजाचं सोडा. पहिला नंबर दरवेळी चालवणारीचाच का? आमच्या बिल्डिंगमध्ये चार वर्षं हेच चाललंय. चिठ्ठ्या उरलेल्या अकरा जणींच्याच निघतात.

भिशी चालवणारी: कारण दर महिन्याला दहा घरी जिने मीच चढते! एकीने चौथ्या महिन्यात उचलली आणि पुढचे आठ हप्ते दिलेच नाहीत. ४०,००० मी घरातून भरले. त्या बिनव्याजी पैशांत हे बसतं का, सांगा.

वहिनी: तुम्ही भरलेत, आमचीने नाही भरले. तिसऱ्या महिन्यात उचललेली बाई आठव्यापासून फोनच घेईना. आठवीपासून बारावीपर्यंत प्रत्येकीला ५५,०००च मिळाले. मी बारावी. साठ हजार भरून पंचावन्न घेतले, आणि इथे अठराशेच्या व्याजावर वाद!

हिशेबनीस: हे मान्य करावंच लागेल. व्याजापेक्षा हा फटका मोठा, आणि तो उशिराच्या नंबरांवरच पडतो. मात्र चालवणारीने भरपाईची हमी दिली नसेल, तर पहिला नंबर तिला कशाबद्दल?

भिशी चालवणारी: हमी मी देते, म्हणून घेते. बाकीच्यांचं मला विचारू नका.

पेठेतला व्यापारी: बोलीत निदान प्रत्येकजण आपली गरज आपल्या तोंडाने सांगतो. पण बोली जास्त चढवणारा पुढे हप्ता देईलच, याची खात्री आम्हालाही नसते, हे कबूल.

वहिनी: मग नव्या भिशीत मी सहावा नंबर मागू का? की चालवणारीला आधी हमी लिहून मागू?