लॅपटॉपला चुंबकी केबल: घ्यावी की नाही?

कोथरूडकर: चुंबकी केबलला नावं ठेवणारे उगाच घाबरवतात. पोर्टमध्ये छोटी टिप कायम बसवलेली, केबल तिला चुंबकाने चिकटते. आमचं पोरगं रोज वायरीत पाय अडकवतं, केबल टकन सुटते, लॅपटॉप टेबलावरच राहतो. 450 रुपये, 100 वॅटची. दीड वर्षात काहीही झालं नाही. सगळ्यांनी घ्या.

बोर्ड_दुरुस्ती: "सगळ्यांनी घ्या" वाचून राहवलं नाही. लॅपटॉपच्या चार्जरमधून 20 व्होल्ट येतात. टाइप-सीच्या तोंडात 20 व्होल्टची पिन आणि चार्जरशी बोलणारी सीसी पिन शेजारी-शेजारी असतात, अर्ध्या मिलिमीटरवर. साधी केबल सरळ बाहेर येते. चुंबकी मात्र पाय अडकला की तिरकी घसरते आणि क्षणभर 20 व्होल्ट सीसीवर चढू शकतात. बऱ्याच बोर्डांवर तिथली चिप हे सोसत नाही.

गेल्या महिन्यात एक लॅपटॉप आला, चार्जिंग पूर्ण बंद. भिंगाखाली टिपच्या दोन पिना काळ्या पडलेल्या आणि मधोमध केसाएवढा लोखंडाचा कीस आडवा. चुंबकच तो ओढून घेतो. चिप बदलून काम झालं, नेहमी होतंच असं नाही.

सिंहगड_रोड_आई: माझ्या फोनची वॉरंटी अशाच टिपमुळे नाकारली. पोर्टमध्ये टिप दिसली आणि फोन उघडलासुद्धा नाही! बिघाड स्क्रीनचा होता हो.

पेठेतला: अगदी हेच आमच्याकडे. आधी डब्यातून चार्जर काढून टाकायचा, मग बाहेरचं काही वापरलं की हात वर करायचे. ग्राहक आयोगात जा ताई.

सिंहगड_रोड_आई: दोन फेऱ्या झाल्या, अजून लेखी उत्तर देत नाहीत. तोंडी "टिपमुळे" एवढंच. लेखी नकाराशिवाय तक्रार कशाच्या आधारावर करू?

पेठेतला: ईमेल करा, उत्तर आलं नाही तर तोच पुरावा. आणि मूळ प्रश्नाचं म्हणाल तर अ‍ॅपलने 2006 पासून चुंबकी चार्जर दिलाच की, 2016 पासून हळूहळू बंद करून 2021 मध्ये परत आणला. चुंबक वाईट कसा?

बोर्ड_दुरुस्ती: चुंबकाला मी कुठे वाईट म्हटलं? त्यांचं तोंड निसटण्यासाठीच बनवलंय, पाचच पिना, मोठ्या आणि सुट्या. इथे 24 पिनांच्या तोंडावर टोपी चढवलीय. शिवाय 65 वॅटला सव्वातीन अँपिअर वाहतात. सैल पिनेत 0.1 ओहम जरी अडथळा आला तरी वाटाण्याएवढ्या टोकात एक वॅट उष्णता. कोथरूडकर, तासभर चार्ज करून टोकाला बोट लावा.

कोथरूडकर: मग फोनलाही नको म्हणता?

बोर्ड_दुरुस्ती: साध्या 5 व्होल्टच्या चार्जरवर फोन, इअरबड खुशाल लावा, टिप पुसत जा. जलद चार्जरवर मात्र व्होल्ट वाढतात, तिथे नको.

कोथरूडकर: लावलं बोट. टेकवून ठेवता येत नाही. लॅपटॉपची काढली. पण पोरगं आज संध्याकाळी वायरीत अडकलं तर लॅपटॉप खाली येणार, त्याचं काय करू ते सांगा.

बोर्ड_दुरुस्ती: वायर टेबलाच्या मागच्या पायाला बांधा. दुसरा उपाय माझ्याकडेही नाही.